बँकेचे पात्रतापत्र आणि आपला हिशेब

(कोंढा, जि. भंडारा येथे झालेल्या बैठकीतील भाषण)



कोंढ्याच्या या बैठकीत पवनी तालुक्यातली धानवाली मंडळी आहेतच, पण पलीकडून उमरेड-भिवापूरच्या बाजूने कापूस-ज्वारीवाले कोरडवाहू शेतकरीही आले आहेत. आज आम्ही भावाबद्दल बोलणार नाही, पाण्याबद्दलही नाही. आज एका कागदाबद्दल बोलायचे आहे. हा कागद आमच्याच एका कोरडवाहू भावाच्या घरी आला. त्याने तो आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "बँक मला तेरा लाख तेहतीस हजार द्यायला निघाली आहे. घर बांधून घेऊ का?"

माणसाचे नाव सांगत नाही आणि कागद देणाऱ्या संस्थेचेही सांगत नाही, कारण अशी चूक कोणाच्याही टेबलावर होऊ शकते. आकडे मात्र सगळे सांगतो. ज्यांच्याजवळ वही असेल त्यांनी उतरून घ्यावे. गुणाकार-भागाकारापलीकडचे काही यात नाही.

कागदाला म्हणतात पात्रतापत्र. तो कर्जमंजुरीचा कागद नव्हे. तुमचे उत्पन्न आणि तुमचे हप्ते पाहता तुम्हाला जास्तीत जास्त किती कर्ज देता येईल, एवढेच त्यात लिहिलेले असते. या पत्रात सहा ओळी होत्या. कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न 32,000 रुपये. सध्याची देणी, म्हणजे चालू हप्ते, महिन्याला 5,400 रुपये. व्याजदर 12 टक्के, मुदत 15 वर्षे. उत्पन्नाशी हप्त्याचे प्रमाण 50 टक्के. नव्या कर्जाचा हप्ता, ज्याला ई.एम.आय. म्हणतात, 15,998 रुपये. आणि शेवटची ओळ, ठळक अक्षरात, कर्जाची कमाल रक्कम 13,33,000 रुपये.

सगळे शेवटची ओळ वाचतात. आपण पहिल्या ओळीपासून वाचू.

आधी पन्नास टक्क्यांचा अर्थ समजून घ्या. देणारा म्हणतो, तुमच्या घरात महिन्याला शंभर रुपये येत असतील तर त्यातले पन्नासच मी हप्त्यांत जाऊ देईन, उरलेले पन्नास चुलीला, दवाखान्याला, पोरांच्या शाळेला राहिले पाहिजेत. हप्त्यांत, म्हणजे सगळ्या हप्त्यांत. जुने आणि नवे मिळून. हा त्या प्रमाणाचा प्राण आहे. जुने हप्ते त्यात धरले नाहीत तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, कारण जुना सावकार काही नव्या सावकाराला विचारून वसुलीला येत नाही.

आता पडताळा. 32,000 चे निम्मे 16,000. पत्रातला नवा हप्ता 15,998. म्हणजे नव्या हप्त्यानेच अख्खे पन्नास टक्के खाऊन टाकले. मग तिसऱ्या कोपऱ्यात लिहिलेले 5,400 कुठे गेले? कुठेच नाही. ते पत्रात छापले आहेत, पण वजा केलेले नाहीत. 15,998 आणि 5,400 यांची बेरीज 21,398 होते. ती 32,000 च्या 67 टक्के आहे. पत्रात 50 लिहिले आहे, त्याच पत्रातले आकडे 67 सांगतात. यासाठी बँकेची आतली फाईल पाहावी लागत नाही, तोच कागद स्वतःविरुद्ध साक्ष देतो.

मग बरोबर रक्कम किती? त्यासाठी एक आकडा हाताशी लागतो, तो म्हणजे एक लाखाचा हप्ता. 12 टक्के दराने आणि 15 वर्षांच्या मुदतीने एक लाखाला महिन्याला 1,200 रुपये पडतात. हाच दर ठेवून मुदत 10 वर्षे केली तर 1,435, 20 वर्षे केली तर 1,101. दर वेगळा असेल तर मोबाईलवर किंवा बँकेच्या खिडकीत विचारून हा आकडा काढता येतो. खुद्द पत्रातूनही निघतो. 15,998 ला 13.33 ने भागा, 1,200 येतात. म्हणजे हप्त्याचे गणित संस्थेने बरोबर केले आहे. चूक हप्त्याच्या गणितात नाही, त्याच्या आधीच्या वजाबाकीत आहे.

वजाबाकी करू. 16,000 तून 5,400 गेले, राहिले 10,600. याला 1,200 ने भागले की 8.83 लाख येतात. पत्राच्या स्वतःच्या उत्पन्नावर, स्वतःच्या प्रमाणावर आणि स्वतः छापलेल्या देण्यांवर कमाल रक्कम 8 लाख 83 हजार आहे. तेरा तेहतीस नव्हे. साडेचार लाखांचा फरक एका विसरलेल्या वजाबाकीने पडला.

इथपर्यंतचा हिशेब कोणीही कारकून करू शकेल. पुढचा हिशेब शेतकऱ्यालाच करावा लागतो, कारण तो सातबाऱ्यात नाही आणि बँकेच्या संगणकातही नाही.

आम्ही त्या भावाला विचारले, हे 32,000 आले कुठून? घरात सहा एकर कोरडवाहू कापूस. मुलगा तालुक्याला एका दुकानात कामाला, पगार 11,000. पगाराचे वर्षाचे झाले 1,32,000. कापसाचे एकरी सहा क्विंटल धरून 36 क्विंटल, आणि क्विंटलला 7,000 धरून 2,52,000. दोन्हींची बेरीज 3,84,000. बाराने भागा, बरोबर 32,000. म्हणजे संस्थेने कापसाचा अख्खा चुकारा उत्पन्न म्हणून धरला. बियाणे नाही, खत नाही, फवारणी नाही, निंदण-डवरणी नाही, वेचाई नाही. आकाशातून कापूस पडला आणि आपण गोळा केला असा हा हिशेब.

आम्ही कृषी पदवीधर. पण इथे पदवी लागत नाही. बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की चुकारा आणि मिळकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या भावाच्या वहीत रोखीचा खर्च एकरी 22,000 निघाला. घरच्या माणसांच्या मेहनतीचा एक पैसाही त्यात धरलेला नाही. सहा एकरांचे 1,32,000. चुकाऱ्यातून ते गेले, कापसाचे राहिले 1,20,000. त्यात पगाराचे 1,32,000 मिळवले की वर्षाचे 2,52,000, म्हणजे महिन्याचे 21,000. बत्तीस नव्हे, एकवीस.

आता पीककर्ज. या भावाच्या नावावर 1,20,000 चे पीककर्ज आहे. पत्रातल्या देण्यांत ते नाही. का नाही? कारण त्याला महिन्याचा हप्ता नसतो. वर्षातून एकदा भरायचे आणि पुन्हा उचलायचे, ज्याला आपण नवे-जुने म्हणतो. महिन्याचा हप्ता शोधणाऱ्या माणसाला ते दिसत नाही. पत्रातल्या 5,400 मध्ये काय होते? मुलाच्या मोटारसायकलचे 2,600 आणि घरधनिणीच्या बचत गटाच्या कर्जाचे 2,800.

इथे जरा सावकाश चला, कारण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. कोणी म्हणेल, 1,20,000 वर्षाला भरायचे, म्हणजे महिन्याला 10,000 देण्यांत धरा. आणि वर खर्चही वजा करा. तसे केले तर एकच पैसा दोनदा वजा होतो. पीककर्जाचा पैसा कुठे गेला? बियाण्यात, खतात, वेचाईत. तो खर्च आपण उत्पन्नातून आधीच वजा केला आहे. तेव्हा नियम असा धरा. उत्पन्न खर्च वजा जाऊन धरले असेल तर पीककर्जाचे फक्त व्याज देण्यांत धरायचे. उत्पन्न म्हणून अख्खा चुकारा धरला असेल तर पीककर्जाची मुद्दल आणि व्याज दोन्ही धरायचे, आणि कर्जाबाहेरून घरच्या पैशाने जो खर्च केला तोही वजा करायचा. या पत्राने काय केले? चुकारा अख्खा धरला आणि पीककर्ज अजिबात धरले नाही. दोन्ही बाजूंनी आपल्याला श्रीमंत ठरवले.

व्याज 7 टक्क्यांनी धरू. वेळेवर फेडणाऱ्याला सवलत मिळते हे खरे, पण सवलत मिळेल असे धरून पंधरा वर्षांचा बोजा उचलू नये. 1,20,000 वर वर्षाचे 8,400, महिन्याचे 700.

आता अखेरचा हिशेब. 21,000 चे निम्मे 10,500. त्यातून 5,400 गेले आणि 700 गेले. राहिले 4,400. याला 1,200 ने भागा. 3 लाख 66 हजार. तेरा तेहतीसपासून निघालो, तीन सहासष्टवर आलो. आणि उलटे पाहा. त्या भावाने पत्रातली पूर्ण रक्कम उचलली असती तर महिन्याचे हप्ते आणि व्याज मिळून 22,098 झाले असते, आणि घरात खरे येणारे 21,000. घरात चूल पेटवली नाही तरी पुरले नसते.

आमचे काही मित्र म्हणतात, बँक शेतकऱ्याला कर्ज देत नाही म्हणून आपण ओरडतो, आणि आता जास्त देते म्हणूनही ओरडायचे का? होय, ओरडायचे. कारण हे कर्ज बुडाले तर काय जाते ते पाहा. पीककर्ज थकले की ते अनुत्पादक ठरवण्यासाठी हंगाम मोजतात, आपल्यासारख्या पिकांना दोन हंगाम. घराच्या कर्जाला हंगाम नाही, तिथे दिवस मोजतात, नव्वद दिवस. श्रावणात हप्ता चुकला तर कापूस घरात यायच्या आत खाते अनुत्पादक. बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा 2002 चा सरफेसी कायदा आहे. त्यात शेतजमिनीच्या तारणाला कलम 31 ने वगळले आहे. गावठाणातल्या घराला तसे वगळलेले नाही. आणि पत्र देणारा एजंट? त्याची दलाली कर्जाच्या रकमेवर असेल तर मोठ्या आकड्याने त्याचे काही बिघडत नाही.

म्हणून तीन सहासष्ट हा आकडा निघाला तरी एक कसोटी बाकी राहते. प्रमाण काढताना वर्षाच्या पैशाला बाराने भागतात. कापूस मात्र बारा वेळा विकला जात नाही. आषाढातला महिना घ्या. त्या महिन्यात घरात फक्त मुलाचा पगार, 11,000. जुने हप्ते 5,400 गेले, राहिले 5,600. नवा हप्ता 4,400 गेला, राहिले 1,200. पेरणीच्या दिवसांत, महिनाभराच्या किराण्याला. प्रमाणात बसलेले कर्जसुद्धा आषाढात बसत नाही, हे इथे दिसते. यावर दोनच उपाय आहेत. एक, कापसाच्या चुकाऱ्यातून चार-पाच महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकून ठेवणे आणि त्याला हात न लावणे. दुसरा, कर्ज आणखी कमी घेणे. शेतीच्या मुदत कर्जाचे हप्ते पिकाच्या हंगामाशी जुळवून पाडण्याची पद्धत बँकांत आहे, तिथे तसे मागूनच घ्यावे. घराच्या किंवा गाडीच्या कर्जात मात्र महिन्याचाच हप्ता गृहीत धरून चाला.

आता उलटी चूक. पत्र नेहमी जास्तच दाखवते असे नाही. कधी फिटलेले कर्ज चालू म्हणून धरलेले असते. समजा मोटारसायकलचा शेवटचा हप्ता भरून झाला आहे, ना-हरकत दाखला हातात आहे, पण कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे ते खाते अजून चालू दिसते. तर 2,600 रुपये विनाकारण वजा होतात, आणि 1,200 च्या हिशेबाने दोन लाखांवर पात्रता कमी होते. नवरा-बायकोचे सामाईक कर्ज दोघांच्या नावावर दिसते म्हणून दोनदा धरले जाते, तीही अशीच चूक. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सी.आर.आय.एफ. हाय मार्क या चार कंपन्या नोंदी ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. पत्रातली देणी आणि हा अहवाल शेजारी शेजारी ठेवून एकेक खाते टिचकी मारून तपासावे. चुकीची नोंद दिसली तर तक्रार लेखी करावी. तीस दिवसांत ती निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने 2024 पासून लागू केला आहे.

लोक विचारतात, पन्नास टक्के हा कायदा आहे का? घराच्या, गाडीच्या, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी नाही. ते ज्याच्या त्याच्या धोरणावर असते, कोणी चाळीस धरतो, कोणी साठ. पण मायबहिणींनो, तुमच्या गटांना बिनतारण कर्ज देणाऱ्या सूक्ष्म वित्त संस्थांसाठी आणि बँकांसाठी तो नियम आहे. आंध्र प्रदेशात 2010 साली या कर्जांचा मोठा घोळ झाला. त्यानंतर 2011 मध्ये जे नियम आले ते एका घरावर किती रुपयांचे कर्ज आणि किती संस्थांचे, हे मोजत होते. एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेने मोजमाप बदलले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले बिनतारण कर्ज म्हणजे सूक्ष्म कर्ज, आणि असे कर्ज देताना त्या घराचे सगळे हप्ते, तारणाच्या कर्जांचेसुद्धा, मिळून महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांपलीकडे जाता कामा नयेत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले.

आमच्या भावाच्या घराला हे कसे लागू होते पाहा. खरे उत्पन्न 2,52,000, म्हणजे मुलगा अविवाहित असल्याने घर तीन लाखांच्या आत. उद्या त्याने घराचे कर्ज पूर्ण मर्यादेपर्यंत उचलले तर पन्नास टक्के तिथेच भरले. मग पुढच्या जूनमध्ये घरधनीण गटाकडे बियाण्यासाठी कर्ज मागायला गेली तर नियमाने तिला नाही म्हणावे लागेल. आणि नाही म्हटले की ती जाणार कुठे? सावकाराकडे, जिथे कोणतेही प्रमाण मोजत नाहीत. म्हणून पन्नास टक्के हे भरायचे भांडे समजू नका. पेरणीपुरती जागा त्यात रिकामी ठेवा.

त्या भावाने पुढे काय केले? आम्ही एका पानाचे पत्र लिहून दिले. त्यात तीन प्रश्न होते. उत्पन्न 32,000 हे खर्च वजा जाऊन आहे की अख्खा चुकारा? सध्याची देणी 5,400 छापली आहेत, ती पन्नास टक्क्यांत धरली आहेत का? आणि 1,20,000 चे पीककर्ज कसे धरले? दुरुस्त पत्र द्यावे, एवढीच मागणी. पोच घेतली. खिडकीवरचा माणूस आधी म्हणाला, "तुम्हाला जास्त मिळते आहे, तक्रार कसली?" मग त्याने स्वतःच वजाबाकी केली आणि गप्प झाला.

दुरुस्त पत्र आल्यावरही सही करण्यापूर्वी आणखी एक कागद मागायचा असतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ मुदत कर्ज देणाऱ्याने प्रमुख तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात व्याज आणि सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर आणि हप्त्यांचा पूर्ण तक्ता असतो. पात्रतापत्रात 15,998 आणि पत्रकात 16,600 दिसले तर समजा, मध्ये विम्याचा हप्ता किंवा प्रक्रिया शुल्क कर्जातच टाकले आहे. विचारा. पत्रक दिल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, तेवढे घ्या. आजच सही करा म्हणणाऱ्याला उद्या या म्हणावे. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, 14448 या क्रमांकावर माहिती मिळते.

त्या भावाने अखेर तीन लाख घेतले. दोन खोल्या आणि एक ओसरी. तेरा लाखांचा बंगला झाला नाही. पण त्याचा महिन्याचा हप्ता 3,600 आहे आणि पेरणीच्या महिन्यात त्याच्या घरात गहाण टाकायला अंगठी शोधावी लागली नाही.

ज्यांच्याजवळ असे पत्र आले असेल त्यांनी बैठक संपल्यावर थांबावे. पत्र, गटाचे पासबुक, पीककर्जाचा उतारा आणि खर्चाची वही सोबत असू द्या. वही नसेल तर आधी ती घाला. तिच्यावाचून पहिली ओळ तपासता येत नाही, आणि पहिली ओळ चुकली की शेवटची ठळक ओळ कधीच खरी नसते.